चाळीस खोल्या, तीन आकडे: जूनच्या हिशोबाच्या नोंदी

२ जुलै

हॉटेलच्या मालकांनी सकाळी विचारलं, "जून कसा गेला?" मी म्हटलं, "बरा गेला." ते म्हणाले, "बरा म्हणजे किती?" उत्तर नव्हतं. गल्ल्याचा आकडा होता, पण तो मे महिन्याशी ताडून बघायचा तर मे ३१ दिवसांचा, जून ३० चा. म्हणून ठरवलं, दर महिन्याला तीन आकडे काढायचे: ऑक्युपन्सी, एडीआर आणि रेव्हपार. माझ्यासारखं कुणी नव्यानं हे करायला बसलं तर त्याच खड्ड्यांत पाय जाऊ नये म्हणून रोजच्या रोज लिहून ठेवतोय. आकड्यांमागे चलन लावलेलं नाही. कुठलंही धरा, हिशोब तोच राहतो.

तिन्हींचा अर्थ एकेका ओळीत सांगतो. ऑक्युपन्सी म्हणजे विकायला असलेल्या खोल्यांपैकी किती टक्के विकल्या गेल्या. एडीआर म्हणजे विकलेली खोली सरासरी कितीला गेली. आणि रेव्हपार म्हणजे हॉटेलातल्या प्रत्येक खोलीमागे किती आले, मग ती विकलेली असो की रिकामी राहिलेली.

मोजायचं माप म्हणजे रूम नाइट: एक खोली, एक रात्र. आमच्याकडे ४० खोल्या, जूनच्या ३० रात्री, म्हणजे १,२०० रूम नाइट. सूत्रं अशी:

```
OCC    = rooms_sold / rooms_available
ADR    = room_revenue / rooms_sold
RevPAR = room_revenue / rooms_available
RevPAR = OCC * ADR
```

शेवटची ओळ म्हणजे ताळा. रेव्हपार दोन वाटांनी काढायचा आणि दोन्ही वाटांनी एकच उत्तर आलं पाहिजे. पहिल्या दोन ओळींचा गुणाकार केला की rooms_sold वरखाली कटतं, त्यामुळे फरक पडायला जागाच नाही.

दुपारी नाइट ऑडिटचे, म्हणजे रोज रात्री दिवसाचा हिशोब बंद करताना निघणारे, तीस अहवाल घेऊन बसलो. लागलेल्या खोल्या ७६२, रक्कम ३०,०९,६००. उपलब्ध खोल्या १,१७०. ऑक्युपन्सी सॉफ्टवेअरनं आयती दिलेली होती, ६३.५ टक्के. एडीआर मी काढला, ३,९४९.६१.

रेव्हपार एका वाटेनं २,५७२ आणि दुसऱ्या वाटेनं २,५०८. तीन तास बेरजा पुन्हा पुन्हा तपासल्या. बेरजेत चूक नव्हती. दिवस तिथंच संपला.

३ जुलै

सापडलं, आणि सापडल्यावर स्वतःचाच राग आला. सॉफ्टवेअर ऑक्युपन्सी काढताना १,२०० नं भागत होतं. मी रेव्हपार काढताना १,१७० नं भागत होतो. एकाच हिशोबात दोन छेद.

मधले ३० गेले कुठे? वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या छताला गळती लागली होती. पंधरा रात्री त्या आउट ऑफ ऑर्डर होत्या, म्हणजे ३० रूम नाइट. अहवालाच्या वरच्या भागात "आज विकता येण्याजोग्या खोल्या" असा रकाना आहे आणि त्यातून त्या वजा झालेल्या होत्या. तो रकाना रिसेप्शनच्या कामाचा. आज वॉक-इन, म्हणजे बुकिंग न करता थेट दारात आलेला पाहुणा, आला तर त्याला कुठली खोली देता येईल एवढंच त्यातून कळतं. महिन्याच्या हिशोबाचा छेद तिथून उचलायचा नसतो, हे मला आज कळलं.

मॅनेजर म्हणाले, "पण त्या खोल्या आपल्याला विकताच येत नव्हत्या. मग आपल्या नावावर का मोजायच्या?" मुद्दा रास्त वाटतो. मी त्यांना कागदावर उलटं करून दाखवलं. समजा रोज वीसच खोल्या विकल्या जातात. उद्या आपण दहा खोल्या "दुरुस्तीला" टाकल्या, तर २० भागिले ४० चं २० भागिले ३० होईल. ऑक्युपन्सी पन्नासवरून सदुसष्टवर जाईल, आणि गल्ल्यात एक पैही वाढलेली नसेल. गळकी खोली हे हॉटेलचं नुकसानच आहे आणि ते आकड्यात दिसलंच पाहिजे. हॉटेलच्या हिशोबाची जी सर्वमान्य चौकट आहे, युनिफॉर्म सिस्टम ऑफ अकाउंट्स फॉर द लॉजिंग इंडस्ट्री, तिच्यातही तात्पुरत्या नादुरुस्त खोल्या उपलब्ध खोल्यांतच धरतात. हंगामासाठी किंवा दीर्घकाळ बंद ठेवलेल्या खोल्यांचं वेगळं. त्या छेदातून काढतात.

छेद १,२०० केला. दोन्ही वाटांनी रेव्हपार २,५०८. ताळा जुळला. संध्याकाळी मालकांना फोन करून सांगून टाकलं, "पंचवीसशे आठ." ही घाई झाली.

५ जुलै

काल रोजचा तक्ता भरायला घेतला. प्रत्येक दिवसाची एक ओळ. जूनमधल्या एका मंगळवारच्या ओळीवर अडलो. विकलेल्या खोल्या १८, रक्कम ६३,३६०, एडीआर ३,५२०. पण त्या दिवशी आमची सगळ्यात महाग खोली ३,४०० ला गेली होती.

सरासरी सर्वांत मोठ्या आकड्याच्या वर जाऊच शकत नाही. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. एडीआर त्या दिवशीच्या सर्वांत महाग दराच्या वर दिसला की रकमेत परका पैसा शिरलाय असं समजायचं आणि बिलं उघडायची.

अठराही बिलं काढली. रक्कम करासकट होती. कर आमचा नाही, आपण तो नुसता गोळा करून पुढे पाठवतो. त्या दिवसाचा कर ५,७६० निघाला. तो काढल्यावर राहिले ५७,६००, म्हणजे एडीआर ३,२००. बरं दिसत होतं, पण दोन-तीन बिलं वाचताना लक्षात आलं की सहा खोल्या नाश्त्यासकटच्या पॅकेजवर दिल्या होत्या. दर खोलीला दोन माणसांचा नाश्ता, मिळून ६००. हा पैसा स्वयंपाकघराचा. ३,६०० आणखी वजा. राहिले ५४,०००, भागिले १८, म्हणजे ३,०००. मंगळवारची खोली खरं तर तीन हजारांना जात होती आणि मी तिला साडेतीन हजारांची समजत होतो.

नाश्त्याचे ६०० कुठून आणले असं कुणी विचारेल. बिनानाश्त्याचं बुकिंग केलेला पाहुणा खाली येऊन नाश्ता घेतो तेव्हा दोघांचे जेवढे होतात तेवढे धरले. पॅकेजवर मोठी सूट असेल तर ती सूट खोली आणि नाश्ता दोघांत त्यांच्या त्यांच्या किमतीच्या प्रमाणात वाटतात. आमच्या पॅकेजवर सूट नव्हती, म्हणून सरळ वजाबाकी चालली.

मग सगळा महिना तसाच सोलून काढला. कर २,७३,६००. पॅकेजच्या रूम नाइट २००, त्यांचा नाश्ता १,२०,०००. खोल्यांचं निव्वळ उत्पन्न राहिलं २६,१६,०००. याला १,२०० नं भागलं की रेव्हपार २,१८०.

इथं एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण हिच्यामुळे मी तोंडघशी पडलो. परवा ताळा जुळला म्हणून मी निर्धास्त झालो होतो. पण ताळा पकडतो तो छेदाचा घोळ. रक्कमच फुगलेली असेल तर ती दोन्ही वाटांनी सारखीच फुगते आणि ताळा खुशाल जुळतो.

मालकांना परत फोन. "पंचवीसशे आठ नव्हे, एकवीसशे ऐंशी." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "परवाचे तीनशे अठ्ठावीस आज कुठं गेले?" तीनशे अठ्ठावीस गुणिले बाराशे, म्हणजे ३,९३,६००, कर आणि नाश्ता मिळून बरोबर तेवढेच होतात, हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग आधीच सांगायचं होतं." यावर मी काय बोलणार.

७ जुलै

आजचा विषय फुकटच्या खोल्यांचा. ७६२ लागलेल्या खोल्यांपैकी ३४ चे पैसेच आलेले नव्हते. २४ कॉम्प होत्या: ग्रुपबरोबरच्या टूर मॅनेजरची मोफत खोली, मालकांचे पाहुणे, आणि एकदा गीझर बंद पडला म्हणून माफ केलेली रात्र. उरलेल्या १० हाउस यूज: रात्रपाळीची माणसं घरी जाऊ शकली नाहीत तेव्हा त्यांना उघडून दिलेल्या खोल्या.

या विकलेल्या मोजायच्या का? दोन्ही करून पाहिलं.

मोजल्या तर विकलेल्या ७६२, ऑक्युपन्सी ६३.५ टक्के, एडीआर ३,४३३. नाही मोजल्या तर विकलेल्या ७२८, ऑक्युपन्सी ६०.६७ टक्के, एडीआर ३,५९३. रेव्हपार दोन्हीकडे २,१८०, कारण फुकटची खोली त्याच्या सूत्रात वरही नाही आणि खालीही नाही.

हे बघून मला रेव्हपारबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. बाकीचे दोघे एकमेकांच्या जिवावर वाढू शकतात. मॅनेजरला ऑक्युपन्सी चांगली दाखवायची असली तर तो फुकटच्या खोल्या आत घेईल; एडीआर दाखवायचा असला तर बाहेर काढेल. रेव्हपारला असं इकडं-तिकडं हलवता येत नाही.

आम्ही ठरवलं की विकलेली म्हणजे पैसे आलेली. म्हणजे ७२८. फुकटच्या खोल्यांसाठी बाजूला वेगळा रकाना ठेवला, कारण हाउसकीपिंगला त्या साफ कराव्याच लागतात आणि त्यांच्या माणसांचा हिशोब ७६२ वर चालतो. कुठली रीत घेतलीत यापेक्षा ती दर महिन्याला तीच असणं महत्त्वाचं. आमच्या जुन्या रजिस्टरात एप्रिलमध्ये कॉम्प मोजलेत आणि मेमध्ये नाहीत. ते दोन महिने आता एकमेकांशी ताडता येत नाहीत. ते तसेच सोडून दिले.

९ जुलै

आजची चूक सगळ्यात महाग पडली असती, आणि ती सगळ्यात निरुपद्रवी दिसत होती.

तक्त्यात तारीख A मध्ये, उपलब्ध खोल्या B, विकलेल्या C, निव्वळ उत्पन्न D, ऑक्युपन्सी E, एडीआर F. तीस ओळी भरल्या आणि खाली महिन्याची ओळ घातली. सवयीनं लिहिलं:

```
=AVERAGE(E2:E31)
=AVERAGE(F2:F31)
```

ऑक्युपन्सी ६०.६७ आली, बरोबर. एडीआर आला ३,४००. पण परवा एकूण रकमेवरून तो ३,५९३ आला होता. गुणाकार केला तर रेव्हपार २,०६३. ताळा तुटला.

बराच वेळ मला वाटत होतं की कुठल्या तरी दिवसाचा आकडा चुकीचा टाइप झालाय. तीसही ओळी बिलांशी पडताळल्या. सगळ्या बरोबर. मग महिना दोन गठ्ठ्यांत मांडून पाहिला आणि उजेड पडला. इथं समजायला सोपं जावं म्हणून प्रत्येक गठ्ठ्यातले दिवस एकसारखे धरलेत.

साध्या रात्री, रविवार ते गुरुवार, अशा २२. उपलब्ध ८८०, विकल्या ४४०, म्हणजे निम्म्या. दर ३,०००. उत्पन्न १३,२०,०००.

शुक्रवार-शनिवारच्या रात्री ८. उपलब्ध ३२०, विकल्या २८८, म्हणजे ९० टक्के. दर ४,५००. उत्पन्न १२,९६,०००.

आता AVERAGE काय करतं ते बघा. त्याच्या लेखी बावीस वेळा ३,००० आणि आठ वेळा ४,५००. बेरीज १,०२,०००, भागिले ३०, म्हणजे ३,४००. त्याला प्रत्येक दिवस सारखाच. पण शनिवारी ३६ खोल्या ४,५०० ला गेल्या आणि मंगळवारी वीसच ३,००० ला. सरासरी खोल्यांची काढायची आहे, दिवसांची नाही. महाग रात्रीच जास्त खोल्या विकल्या जातात (म्हणूनच तर ती रात्र महाग ठेवलेली असते), त्यामुळे दिवसांची सरासरी काढली की एडीआर जवळजवळ नेहमीच कमी दिसतो. खरं उत्तर असं: २६,१६,००० भागिले ७२८, म्हणजे ३,५९३.

ऑक्युपन्सीची सरासरी मात्र बरोबर का आली? कारण रोज छेद तोच होता, ४०. ज्या महिन्यात खोल्यांची संख्या मध्येच बदलेल, म्हणजे नवी इमारत सुरू होईल किंवा एखादा मजला दीर्घकाळ बंद पडेल, त्या महिन्यात तीही चुकेल. म्हणून दोन्ही ठिकाणी सूत्र बदललं आणि खाली रेव्हपारचंही घातलं:

```
=SUM(C2:C31)/SUM(B2:B31)
=SUM(D2:D31)/SUM(C2:C31)
=SUM(D2:D31)/SUM(B2:B31)
```

नियम एवढाच: टक्के आणि सरासऱ्या यांची पुन्हा सरासरी काढायची नाही. प्रत्येक वेळी मूळ बेरजांपर्यंत जायचं आणि तिथं भागायचं. आठवड्याची ओळ, तिमाहीची ओळ, सगळीकडे हेच.

चुकीचा रेव्हपार आणि बरोबर रेव्हपार यांतला फरक खोलीमागे ११७. बाराशे रूम नाइटवर १,४०,८००. एवढे पैसे गल्ल्यात होते आणि तक्त्यात नव्हते. आजचे चार तास यात गेले, पण जून संपला. ऑक्युपन्सी ६०.६७ टक्के, एडीआर ३,५९३, रेव्हपार २,१८०.

११ जुलै

मालकांनी तक्ता पाहिला आणि बोट नेमकं साध्या रात्रींवर ठेवलं. "निम्मं हॉटेल रिकामं? दर उतरवा. तीन हजारांचे चोवीसशे करा, भरतील खोल्या."

मी म्हटलं, आधी किती भरायला हव्यात ते काढू. साध्या रात्रीचा रेव्हपार १,५०० आहे, म्हणजे निम्म्या खोल्या गुणिले ३,०००. दर २,४०० केला तर तेवढाच रेव्हपार राखायला १,५०० भागिले २,४००, म्हणजे ६२.५ टक्के ऑक्युपन्सी लागेल. वीसच्या जागी पंचवीस खोल्या. दर वीस टक्क्यांनी उतरवला तर खोल्या पंचवीस टक्क्यांनी वाढाव्या लागतात. हे दोन्ही टक्के सारखेच असतील असं मला कालपर्यंत वाटत होतं, आणि मालकांना आजही वाटतंय.

ठरलं. १३ ते १७ आणि २० ते २४, अशा दहा साध्या रात्री २,४०० नं विकायच्या.

१३ जुलै

काल शनिवारी रात्रीची ऑक्युपन्सी १०२.५ टक्के. रिसेप्शनवरच्या पोरानं तो कागद भिंतीवर लावला.

चाळीस खोल्यांत एकेचाळीस कशा विकल्या? २०७ नंबर सकाळी दहा ते दुपारी चार डे-यूजवर दिली होती. कुणाला तरी मुलाखतीआधी आवरायचं होतं. चार वाजता ती साफ केली आणि संध्याकाळी रात्रीच्या पाहुण्याला दिली. सॉफ्टवेअर चेक-इन मोजतं, म्हणून एका खोलीचे दोन झाले. एरवी हॉटेल भरलेलं नसतं, त्यामुळे असा आकडा शंभराच्या आत लपून जातो आणि कळतही नाही. जूनची बिलं त्यासाठी पुन्हा चाळली. सुदैवानं डे-यूज एकही नव्हता.

आमच्यापुरती रीत अशी केली: ऑक्युपन्सी मध्यरात्रीच्या स्थितीवर मोजायची. डे-यूजचे पैसे खोल्यांच्या उत्पन्नातच राहतील, पण वेगळ्या ओळीत, म्हणजे एडीआर काढताना ते बाजूला ठेवता येतील. कागद भिंतीवरून काढायला लावला. पोरगा नाराज.

१९ जुलै

दर उतरवण्याचा प्रयोग चालू आहे, पण आज दुसरंच दिसलं. शुक्रवार-शनिवारचं बुकिंग कुठल्या वारी झालं ते तारखेनिशी काढलं. गेल्या चार शनिवारांपैकी तीन शनिवारी बुधवार संध्याकाळपर्यंतच तीसच्या वर खोल्या गेलेल्या होत्या. गुरुवार-शुक्रवारी फोन आले त्यांना आम्ही "थोड्याच राहिल्यात" सांगत त्याच ४,५०० ला दिल्या. जो गिऱ्हाईक सर्वांत गरजू, त्याला आम्ही जुनाच दर लावत होतो. ९० टक्के ऑक्युपन्सीचं कौतुक करण्याच्या नादात हे कुणी पाहिलंच नव्हतं.

मालकांशी बोललो. पुढच्या शुक्रवार-शनिवारी, २५ आणि २६ ला, दर ५,००० ठेवायचा. त्यांची भीती एकच: "रिकाम्या राहतील."

२५ जुलै

दहा साध्या रात्री संपल्या. उपलब्ध ४००, विकल्या २५६, ऑक्युपन्सी ६४ टक्के. उत्पन्न ६,१४,४००. रेव्हपार १,५३६.

जूनच्या साध्या रात्रीचा १,५०० होता, आणि जुलैच्या सुरुवातीच्या साध्या रात्रीही पन्नास टक्क्यांच्या आसपासच होत्या, त्यामुळे तुलना ठीक आहे. रेव्हपार ३६ नं वाढला. चारशे रूम नाइटवर १४,४०० जास्त आले. मालक खूश, मीही खूश. लॉबीत माणसं दिसत होती.

दुपारी हाउसकीपिंगच्या बाई येऊन म्हणाल्या, "साहेब, टॉवेल पुरत नाहीयेत, आणि दोन दिवस जास्तीची बाई बोलवावी लागली." तेव्हा कुठं डोक्यात आलं की खोली विकायला खर्चही येतो. बसून काढला. चादरी-टॉवेलची धुलाई, साबण-शाम्पू-पाण्याच्या बाटल्या, वीज आणि गरम पाणी, साफसफाईची मजुरी. एक खोली एक रात्र लागली की साधारण ४५०. पगार, देखभाल, कर्जाचा हप्ता यांत धरले नाहीत, ते रिकाम्या खोलीलाही लागतातच.

जुन्या दरानं दहा रात्रींत २०० खोल्या गेल्या असत्या. नव्यानं २५६ गेल्या. जास्तीच्या ५६ खोल्या गुणिले ४५०, म्हणजे २५,२००. आलेले जास्त १४,४००, गेलेले जास्त २५,२००. रेव्हपार वाढला आणि खिशातून १०,८०० गेले.

चूक ११ तारखेच्या माझ्या गणितातच होती. तेव्हा "किती भरायला हव्यात" हे मी रेव्हपार राखण्याच्या हिशोबानं काढलं. हातात उरणारे पैसे राखण्याच्या हिशोबानं काढायला हवं होतं. तीन हजारांतून ४५० गेले की २,५५० उरतात, वीस खोल्यांचे ५१,०००. चोवीसशेतून ४५० गेले की १,९५०. एक्कावन्न हजार भागिले १,९५०, म्हणजे सव्वीसच्या थोड्या वर. खोल्या पंचवीस नव्हे, सत्तावीस लागत होत्या. आमच्या आल्या रोजच्या सरासरी २५.६. रेव्हपारच्या रेषेच्या वर आणि नफ्याच्या रेषेच्या खाली, अगदी मधोमध. रेव्हपारला खर्च दिसत नाही, तो फक्त आत येणारा पैसा पाहतो.

जास्तीच्या पाहुण्यांपैकी बरेच नाश्ता बाहेरच करत होते, त्यामुळे स्वयंपाकघराकडूनही काही भरून निघालं नाही. साध्या रात्रींचा दर रविवारपासून परत ३,०००.

२७ जुलै

शुक्रवारी ३३ खोल्या गेल्या, शनिवारी ३५. दोन रात्रींत ८० पैकी ६८, ऑक्युपन्सी ८५ टक्के. दर ५,०००, उत्पन्न ३,४०,०००, रेव्हपार ४,२५०. जूनमध्ये याच वारांचा ४,०५० होता, म्हणजे दोन रात्रींत १६,००० जास्त. शिवाय चार खोल्या कमी लागल्या, त्यांचे १,८०० वाचले. टॉवेल पुरले.

दोनच रात्री आहेत, त्यावरून दर कायमचा बदलायचा धीर होत नाही. ऑगस्टचे सगळे शुक्रवार-शनिवार असेच ठेवून बघायचं ठरलंय. तक्त्यात G हा नवा रकाना घातला: उत्पन्नातून लागलेल्या खोल्यांचा खर्च वजा, भागिले उपलब्ध खोल्या. फुकटच्या खोल्यांचा खर्चही त्यात धरलाय, नाहीतर मालकांचे पाहुणे पुन्हा अदृश्य होतील.

```
=(D2-450*(C2+H2))/B2
```

H मध्ये कॉम्प आणि हाउस यूज. ४५० हा आकडा दर तीन महिन्यांनी धुलाईची आणि विजेची बिलं बघून नव्यानं काढायचा.

मालकांना दोन रात्रींचे आकडे दाखवले. ते सोळा हजारांवरून नजर फिरवत खाली गेले आणि म्हणाले, "शनिवारी पाच खोल्या रिकाम्या राहिल्या ना पण?"